तोटा नंतर आला, मार्जिन आधी संपले

वाचकाचे पत्र

महोदय, मी अंबड एमआयडीसीत नोकरी करतो. ४ एप्रिल २०२५, शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मी निफ्टीचे ९ एप्रिलच्या एक्स्पायरीचे २२,००० पुट आणि २३,८०० कॉल प्रत्येकी पाच लॉट विकले. दोन्ही मिळून सोळा रुपये प्रीमियम, म्हणजे सहा हजार रुपये मिळाले. खात्यात नऊ लाखांचे मार्जिन होते: दोन लाख रोख, तीन लाख गहाण ठेवलेला लिक्विड फंड आणि चार लाख गहाण ठेवलेले शेअर. त्यातले पावणेआठ लाख अडकले. सोमवारी पहिल्या पाळीत फोन लॉकरमध्ये होता. साडेनऊच्या आत ब्रोकरने ४२० रुपयांना सगळे पुट आणि तीन रुपयांना सगळे कॉल परत घेऊन टाकले. दीड लाखाच्या वर तोटा झाला. बुधवारी दोन्ही ऑप्शन शून्यावर संपले. माझा अंदाज बरोबर असताना मला बाहेर काढण्याचा ब्रोकरला काय अधिकार? व्हिक्स वाढला की मार्जिन वाढते म्हणतात, पण एका रात्रीत इतके? तक्रार करावी का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

आपला अंदाज बरोबर ठरला हे खरे आहे. ९ एप्रिलला निफ्टी २२,३९९ वर बंद झाला आणि आपले दोन्ही स्ट्राइक त्याच्या बाहेरच राहिले. मात्र ऑप्शन विकणाऱ्याला अंदाज बरोबर येण्याच्या दिवसापर्यंत खाते जिवंत ठेवावे लागते, आणि खाते जिवंत आहे की नाही हे तोट्यावर नव्हे तर मार्जिनवर ठरते. सोमवारी सव्वानऊला आपले मार्जिन का फुगले, याचा हिशेब आकड्यांनिशी मांडतो. तक्रारीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघेल.

विकलेल्या ऑप्शनचे मार्जिन मुख्यतः दोन भागांचे असते. पहिला भाग स्पॅन. क्लिअरिंग कॉर्पोरेशन आपल्या पोझिशनची किंमत निर्देशांक व व्होलॅटिलिटी यांच्या सोळा वेगवेगळ्या परिस्थितींत काढते आणि त्यांतली सर्वांत वाईट परिस्थिती धरून रक्कम अडकवते. दुसरा भाग एक्स्पोजर मार्जिनचा, जो निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर करारमूल्याच्या २ टक्के असतो आणि विकलेल्या प्रत्येक पायावर, म्हणजे पुटवर वेगळा आणि कॉलवर वेगळा, लागतो. फ्युचर्सचा तोटा रोज रोखीने वळता होतो, तसा ऑप्शनचा होत नाही. पुट महाग झाला की ती वाढ मार्जिनच्या मागणीतच मिसळली जाते. त्यामुळे व्यवहारापुरते इतके ध्यानात ठेवावे, की स्पॅनच्या दृष्टीने ऑप्शनची आजची किंमत गौण असून, निर्देशांक आणखी ठरावीक टक्के आपल्या विरुद्ध गेला तर तो ऑप्शन परत घ्यायला किती रुपये लागतील, तेवढी रक्कम आपल्याकडे मागितली जाते.

आता आपलीच पोझिशन घेऊ. त्या वेळी निफ्टीचा लॉट ७५ चा होता. लॉटचा आकार अधूनमधून बदलतो, पण हिशेबाची रीत तीच राहते. वाईट परिस्थितीची पट्टी ९ टक्क्यांची धरू. हा आकडा हिशेबासाठी घेतलेला आहे, आणि टाइम व्हॅल्यूही मी सोडून देतो.

शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. तिथून ९ टक्के खाली म्हणजे साधारण २०,८४३. त्या पातळीवर २२,००० चा पुट किमान १,१५७ रुपयांचा होतो, आणि ७५ ने गुणले की सुमारे ८७ हजार रुपये येतात. कॉलच्या बाजूनेही जवळपास तेवढीच जोखीम होती, पण निफ्टी एकाच वेळी वर आणि खाली जाऊ शकत नसल्याने स्पॅन त्यांतली एकच बाजू धरतो. एक्स्पोजर मात्र दोन्ही पायांवर मिळून सुमारे ६९ हजार. अशा रीतीने एका लॉटला एक लाख पंचावन्न हजार आणि पाच लॉटना पावणेआठ लाख होतात, आणि आपण पत्रात दिलेला आकडाही हाच आहे.

सोमवारी, ७ एप्रिलला, अमेरिकेच्या आयातशुल्कांच्या धक्क्याने निफ्टी २१,७५८ च्या आसपास उघडला, म्हणजे एका सपाट्यात पाच टक्के खाली. नव्या पातळीपासून ९ टक्के खाली म्हणजे १९,८००. तिथे आपला पुट २,२०० रुपयांचा, आणि ७५ ने गुणून एक लाख ६५ हजारांचा होतो. एक्स्पोजरचे ६५ हजार धरून एका लॉटची मागणी दोन लाख तीस हजारांवर गेली आणि पाच लॉटना साडेअकरा लाख झाली. ९ टक्क्यांची पट्टी अद्याप जागची हललेलीही नाही, हे येथे पाहावे. केवळ निर्देशांक सरकल्याने, शुक्रवारी दूर वाटणारा पुट सोमवारी पैशात आला आणि त्याखालची सगळी वाईट परिस्थिती आपल्या अंगावर आली.

आता पट्टी रुंदावल्याचे धरू. ९ ऐवजी ती साडेदहा टक्के झाली, तर वाईट पातळी १९,४७३ ठरते, पुट २,५२७ रुपयांचा होतो आणि पाच लॉटची मागणी पावणेतेरा लाखांच्या घरात जाते. त्या दिवशी इंडिया व्हिक्स १३.८ च्या आसपास होता तो २२.८ च्या आसपास गेला, म्हणून लोक सरसकट ‘व्हिक्समुळे मार्जिन वाढले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात किमतीची पट्टी व्हिक्सवरून नव्हे, तर निर्देशांकाच्या प्रत्यक्ष झालेल्या चढउतारांवरून ठरते. व्हिक्समध्ये दिसणारी व्होलॅटिलिटी ऑप्शनच्या किमतीतून हिशेबात येते. याशिवाय ब्रोकर अशा दिवशी स्वतःच्या अधिकारात जादा मार्जिन लावू शकतो, आणि जोखमीचे आकडे दिवसातून अनेक वेळा नव्याने काढले जातात. त्यामुळे सकाळी पुरलेले मार्जिन दुपारी पुरेलच असे नाही.

इथवर मागणीची बाजू झाली. दुसऱ्या बाजूने आपले नऊ लाखही नऊ लाख राहिले नव्हते. गहाण शेअरचे मूल्य हेअरकट, म्हणजे ठरावीक कपात, वजा करून धरले जाते. बाजारासोबत ते शेअर सहा टक्के पडले असे समजल्यास चार लाखांतले २४ हजार तिथेच गेले. मार्जिन ज्या कारणाने वाढते, त्याच कारणाने तारण आटते. ऑप्शन विकणाऱ्याने शेअर तारण ठेवण्यातली खरी अडचण ही आहे, आणि हेअरकटच्या तक्त्यात ती कुठे दिसत नाही.

तेव्हा सव्वानऊला खात्यात पावणेनऊ लाख, आणि मागणी साडेअकरा ते पावणेतेरा लाख. ब्रोकरच्या आरएमएसला, म्हणजे जोखीम सांभाळणाऱ्या विभागाला, पडद्यावर हीच तूट दिसते. बुधवारी निफ्टी कुठे बंद होणार, हे त्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. दोन वर्षे शांत बाजारात ऑप्शन विकलेल्या माणसाला ‘पुट अजून एक्स्पायर व्हायचा आहे’ हे वाक्य आधार वाटते, पण आपल्या वतीने क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पैसे ब्रोकरला भरायचे असतात आणि तिथे ते वाक्य चालत नाही.

जबरदस्तीच्या स्क्वेअर ऑफमध्ये दर वाईट का मिळतो, हेही यातच आले. गॅप पडून उघडलेल्या बाजारात पहिल्या पंधरा मिनिटांत पुटच्या खरेदी आणि विक्रीच्या बोलींमधले अंतर वाढते, ऑप्शन विकणारी असंख्य खाती एकाच वेळी तेच पुट परत घ्यायला धावतात, आणि त्या गर्दीतला खरेदीदार स्वतःच्या मर्जीने आलेला नसतो. आपला पुट ४२० ला गेला, त्याची मोठी कारणे ही आहेत. त्या दिवशी निफ्टी २२,१६१ वर बंद झाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो आपल्या स्ट्राइकच्या वर परत आला होता.

आपण फोनजवळ असता तर काय करता आले असते, हे सांगणे इथे उपयोगाचे आहे, कारण अशा वेळी बहुतेक जण एक तर पैसे भरण्याच्या मागे लागतात किंवा पडद्याकडे पाहत बसतात. सकाळी सव्वानऊला लिक्विड फंड विकून रक्कम हाती येत नाही. नवे शेअर गहाण ठेवले तरी त्यांचे मार्जिन बहुधा दुसऱ्या दिवशी मिळते. त्या क्षणी उपयोगी पडते ती बँकेतली तयार रोख, आणि पोझिशनची फेररचना.

पहिले काम म्हणजे मेलेली बाजू बंद करणे. २३,८०० चा कॉल दोन हजार अंकांवर आणि तीन रुपयांवर होता. तो ठेवून आणखी तीन रुपये कमावण्याखेरीज काही साधणार नव्हते, पण त्याच्यावर एक्स्पोजरचे प्रत्येक लॉटला ३२ हजारांहून अधिक अडकून होते. पाच लॉट परत घ्यायला ११२५ रुपये लागले असते आणि एक लाख ६३ हजारांचे मार्जिन सुटले असते. ऑप्शन विकणारे हे काम ‘तो तर तसाही शून्य होणार’ म्हणून मागे ठेवतात. संकटाच्या सकाळी खात्यातले सर्वांत स्वस्त मार्जिन तिथेच अडकलेले असते.

त्यानंतर दोन वाटा होत्या. एक, काही पुट स्वतः परत घेणे. एका लॉटच्या पुटमागे साधारण दोन ते सव्वादोन लाखांचे मार्जिन सुटते आणि ३१,५०० रुपये रोख जातात. म्हणजे पट्टी ९ टक्केच असती तर एक लॉट आणि रुंदावली असती तर दोन लॉट बंद करून तूट भरून निघाली असती, आणि नुकसान पाचऐवजी एक-दोन लॉटपुरतेच पक्के झाले असते. आरएमएस बहुधा इतका बारीक हिशेब करत बसत नाही. त्यांच्या दृष्टीने सगळे बंद करणे सोपे व सुरक्षित असते, आणि म्हणूनच पहिली ऑर्डर त्यांच्याआधी आपली जायला हवी.

दुसरी वाट मला अधिक बरी वाटते. २१,५०० चा पुट विकत घेणे. तो समजा १७० रुपयांना मिळाला असता, तर पाच लॉटना सुमारे ६४ हजार रोख लागले असते. एवढ्याने आपल्या विकलेल्या पुटची कमाल जोखीम दोन स्ट्राइकमधल्या अंतराएवढी, म्हणजे ५०० रुपये, ठरून गेली असती. निफ्टी १९,४७३ ला गेला काय आणि १८,००० ला गेला काय, स्पॅनला त्यापुढे मागण्यासारखे काही राहत नाही. कॉल बंद केल्यानंतर पाच लॉटची मागणी पावणेतेरा लाखांवरून साडेतीन लाखांच्या आसपास उतरली असती. पुढे बुधवारी सगळे शून्यावर संपल्यावर हेजची, म्हणजे संरक्षणासाठी घेतलेल्या पुटची, किंमत प्रीमियममधून वजा होऊन तोटा ५८ ते ५९ हजारांचा राहिला असता. हा हिशेब निकाल माहीत झाल्यावरचा आहे हे मी विसरत नाही. निफ्टी कोसळत राहिला असता तर या रचनेत सुमारे अडीच लाख गेले असते, पण त्याच घसरणीत उघडे पुट कुठवर नेतील याला मर्यादाच नव्हती.

या वाटेला दोन अडथळे असतात. ऑप्शन विकत घ्यायला रोख लागते, आणि बहुतेक ब्रोकरांकडे गहाण ठेवलेले फंड वा शेअर त्यासाठी चालत नाहीत. आपल्याकडे दोन लाख रोख होते म्हणून ही वाट आपल्याला खुली होती. सगळेच पैसे गहाण ठेवणाऱ्याला ती बंद असते. दुसरा अडथळा असा, की खाते एकदा तुटीत गेले की अनेक ब्रोकरांची यंत्रणा फक्त पोझिशन कमी करणाऱ्या ऑर्डर स्वीकारते, आणि नवा पुट विकत घेणे तिला नवी पोझिशन वाटते. आपल्या ब्रोकरकडे नियम काय आहे, हे शांत दिवशी विचारून ठेवावे.

हीच खरेदी शुक्रवारी केली असती तर काय झाले असते? त्या दुपारी २१,५०० चा पुट चारेक रुपयांना आणि २४,३०० चा कॉल रुपयाला मिळाला असता असे धरू. पाच लॉटना एकूण १९०० रुपयांच्या आत, म्हणजे मिळालेल्या सहा हजारांतला तिसरा हिस्सा गेला असता. शुक्रवारचे मार्जिन पावणेआठ लाखांऐवजी सव्वापाच लाख झाले असते. सोमवारच्या गॅपनंतर ते थोडे कमीच, पाच लाखांच्या किंचित वर राहिले असते, कारण स्पॅनचा भाग स्ट्राइकमधल्या अंतराला बांधलेला आणि एक्स्पोजर खाली आलेल्या निर्देशांकावर मोजलेले. फोन लॉकरमध्ये ठेवून पाळी करणाऱ्या माणसासाठी माझ्या मते हेज केलेली रचना सोडून दुसरी योग्य नाही. उघडा ऑप्शन विकायचा तर सव्वानऊला पडद्यासमोर बसता आले पाहिजे.

हेजच्या बाबतीत एक इशारा देणे भाग आहे. पडझडीत विकत घेतलेला पुट फायद्यात दिसू लागला की तो आधी विकण्याचा मोह होतो. तो विकला त्या क्षणी वरच्या स्ट्राइकचा विकलेला पुट उघडा पडतो आणि मार्जिन पुन्हा फुगते. बाहेर पडताना विकलेला पाय आधी परत घ्यावा, मग विकत घेतलेला विकावा.

तरीही उघडा स्ट्रँगलच, म्हणजे हेजशिवाय पुट आणि कॉल दोन्ही, विकायचा असेल, तर लॉटची संख्या शुक्रवारच्या मार्जिनवरून ठरवू नये. वर केला तो हिशेब विकण्यापूर्वी करावा: निर्देशांक पाच टक्के गॅप देऊन उघडला आणि पट्टी दीड टक्क्याने रुंदावली, तर एका लॉटला किती लागेल? आपल्या बाबतीत ते अडीच लाखांच्या थोडे वर येते. पावणेनऊ लाखांत असे तीन लॉट बसतात, पाच बसत नाहीत. पाच टक्क्यांचा गॅप म्हणजे अतिशयोक्ती, असे ज्यांना वाटते त्यांनी ४ जून २०२४ आठवावा. निवडणूक निकालांच्या त्या दिवशी निफ्टी सुमारे सहा टक्के खाली बंद झाला आणि दिवसभरात त्याहून बराच खाली जाऊन आला होता.

शुक्रवारी तीन वाजता विकण्याबद्दल एक शब्द. शनिवार-रविवारची टाइम व्हॅल्यू खिशात पडावी म्हणून अनेक जण हे करतात. त्या शुक्रवारी अमेरिकेचे शुल्क जाहीर होऊन गेलेले होते आणि तिथला बाजार गुरुवारीच जोरात पडला होता. सोमवारी सकाळी साडेसहापासून गिफ्ट निफ्टी चालू असतो. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी तो एकदा पाहिला असता, तर कुठल्या पातळीवर उघडणार याची कल्पना आली असती. अर्थात निफ्टीचे ऑप्शन सव्वानऊलाच उघडतात, म्हणून कळूनही त्या आधी काही करता येत नाही. फार तर बँकेतली रोख ब्रोकरकडे वळती करता येते, आणि त्या दिवशी कामावर तासाभराची सवलत मागता येते.

समजा सोमवार निभावला असता, तरी बुधवार होता. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी करारमूल्याच्या २ टक्के जादा मार्जिन लागते. पाच लॉटच्या दोन्ही पायांवर ते तीन लाखांच्या वर गेले असते. शेवटच्या दिवशी दोन रुपयांच्या ऑप्शनवरही स्क्वेअर ऑफ होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता तक्रारीविषयी. खाते उघडताना आपण ज्या कागदपत्रांना मान्यता दिली, त्यांत ब्रोकरचे जोखीम व्यवस्थापन धोरण असते. मार्जिनची तूट पडल्यास पोझिशन बंद करण्याचा अधिकार, पूर्वसूचना देण्याची अट आहे की नाही, आणि किती तुटीला काय केले जाईल हे त्यात लिहिलेले असते. ते काढून वाचावे. मग त्या दिवशीची कॉन्ट्रॅक्ट नोट घ्यावी आणि प्रत्येक व्यवहाराची वेळ व दर पाहावा. त्या मिनिटाला त्या स्ट्राइकचे व्यवहार ज्या दरांत झाले, त्यांच्यात आपला दर बसतो का, हे ताडावे. शेवटी ब्रोकरकडे लेखी मागणी करावी, की स्क्वेअर ऑफच्या क्षणी लागणारे मार्जिन, उपलब्ध मार्जिन आणि तूट यांचे आकडे द्यावेत.

दर बाजाराच्या बाहेर असेल, त्या क्षणी तूटच नसेल, किंवा धोरणात लिहिलेली सूचना दिली गेली नसेल, तर तक्रारीला आधार आहे. आधी ब्रोकरच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, समाधान न झाल्यास सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. तिथे उत्तर देण्यास ब्रोकरला २१ दिवसांची मुदत असते. ‘बुधवारी पुट शून्य झाला’ हा मुद्दा मात्र तक्रारीत घालू नये, कारण तूट सोमवारच्या सकाळची मोजली जाते. पाचही लॉट का बंद केले, दोन बंद करून तूट भरत असताना, हा प्रश्न जरूर विचारावा. धोरणात ‘आवश्यक तेवढी’ पोझिशन बंद करण्याचे शब्द असतील तर आपल्या हाती असलेला सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.